तापमान हेलकावे खाते तेव्हा

पीएलए प्लास्टिकची छपाई चालू असताना थ्रीडी प्रिंटरच्या नोझलचे तापमान, समजा, २१० अंशांवर ठेवले आहे. एखाद्या अंशाचा फरक चालतो. पण पडद्यावरचा आकडा २०४, मग २१५, पुन्हा २०५ असा हलत राहिला, तर वस्तूच्या भिंतीवर आडवे पट्टे उमटतात. कुठे प्लास्टिक चकाकते, कुठे मंद दिसते. कधी छपाई मधेच थांबते आणि पडद्यावर `Thermal Runaway` अशी सूचना येते. अनेकांना ही दोन्ही एकाच बिघाडाची रूपे वाटतात. मग सूचनेचा त्रास नको म्हणून फर्मवेअरमधले संरक्षणच ढिले किंवा बंद केले जाते. घरात आग लागण्याचा धोका यातूनच उभा राहतो.

हॉटएंडच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात दोन गोष्टी बसवलेल्या असतात: साधारण ४० वॅटचा हीटर आणि थर्मिस्टर नावाचा मण्याएवढा संवेदक. नोझल किती तापले आहे हे प्रिंटरला फक्त या संवेदकाकडून कळते. आता समजा थर्मिस्टरचा स्क्रू सैल झाला आणि तो ठोकळ्याबाहेर निसटला. तो तुटलेला नाही, त्यामुळे खोलीतल्या हवेचे तापमान तो प्रामाणिकपणे सांगत राहतो. फर्मवेअरला वाटते नोझल थंड पडले, म्हणून ते हीटर पूर्ण ताकदीने चालू ठेवते. अनेक हॉटएंडमध्ये आतल्या बाजूला टेफ्लॉनची नळी असते. तिचे साधारण २५० अंशांनंतर विघटन होऊ लागते आणि विषारी वाफा निघू लागतात. हीटर मात्र तिथे थांबत नाही.

संरक्षण नेमके हेच ओळखते. अनेक घरगुती प्रिंटरमध्ये वापरल्या जाणाऱ्या मार्लिन फर्मवेअरमध्ये त्याचा नियम साधा आहे. नोझल एकदा ठरलेल्या तापमानाला पोचल्यावर ते त्याच्या ४ अंशांहून जास्त खाली गेले आणि सलग ४० सेकंद तसेच राहिले, तर हीटर बंद करून सगळे थांबवायचे. हे मूळ आकडे. प्रिंटर बनवणारे ते बदलू शकतात. तापवण्याच्या सुरुवातीला वेगळा नियम लागू होतो: हीटर चालू असूनही ठराविक वेळेत दोन अंशसुद्धा वाढले नाहीत, तर `Heating Failed`.

यातला ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा. तापमान २०४ ला जाऊन काही सेकंदांत परत वर आले, तर घड्याळ पुन्हा शून्यापासून मोजू लागते. म्हणून नियमित हेलकाव्यांनी संरक्षण सहसा जागे होत नाही. ते जागे झाले असेल, तर उष्णता खरोखर कमी पडते आहे किंवा संवेदक चुकीचे सांगतो आहे, असेच धरून चालावे.

म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी तापमानाचा आलेख पाहावा. चढउतार लाटेसारखे एकसारखे, ठराविक अंतराने येत असतील, तर दोष नियंत्रणाच्या गणितात आहे. आकडा एका क्षणात दहा-वीस अंश उडी मारत असेल, विशेषतः नोझल एका कोपऱ्याकडे जाताना, तर थर्मिस्टरची तार किंवा जोडणी खराब आहे. ठोकळ्याचे तापमान इतक्या झटकन बदलूच शकत नाही. आणि दुसऱ्या-तिसऱ्या थराला पंखा सुरू होताच आकडा घसरत असेल, तर ठोकळ्यावरचे सिलिकॉनचे आवरण फाटले आहे का, पंख्याची हवा थेट ठोकळ्यावर येते का, ते बघावे. शेवटच्या दोन दोषांवर गणित बदलून उपयोग नाही.

गणिताचा दोष असेल तेव्हा मात्र पीआयडी जुळवणी करावी. इस्त्रीत थर्मोस्टॅट नुसता चालू-बंद होतो आणि तापमान कायम खालीवर होत राहते. हॉटएंडमध्ये तेवढ्याने भागत नाही, कारण हीटर बंद केल्यावरही त्यात साठलेली उष्णता थर्मिस्टरपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात. पीआयडी हीटरला किती वीज द्यायची ते तीन गोष्टी पाहून ठरवते: आत्ता किती अंश कमी आहेत, आजवर कमतरता किती साचली आहे, आणि तापमान कोणत्या वेगाने बदलते आहे. या तिघांना द्यायचे वजन म्हणजेच पी, आय आणि डी. पी फार मोठा असला की तापमान लक्ष्य ओलांडून जाते, मग खाली येते, पुन्हा ओलांडते. डी या धावेला वेळेआधी आवर घालतो. ही वजने त्या विशिष्ट ठोकळ्याची, हीटरची आणि पंख्याची असतात. म्हणून ४० वॅटच्या जागी ६० वॅटचा हीटर लावला की जुने आकडे निरुपयोगी होतात.

ते शोधण्याचे काम प्रिंटर स्वतःच करतो. नोझल बेडच्या जवळ आणावे, छपाईत असतो तसा पंखा चालू करावा आणि पुढच्या आज्ञा एकेक करून द्याव्यात:

```
M106 S255
M303 E0 S210 C8 U1
M500
```

पहिली पंखा पूर्ण वेगाने लावते. दुसरी २१० अंशांभोवती आठ वेळा मुद्दाम हेलकावे घडवते आणि निघालेले आकडे लागू करते. तिसरी ते साठवते. पंखा बंद ठेवून केलेली जुळवणी पंखा सुरू होताच कमी पडते, आणि ही चूक फार सर्रास होते.

यामागची पद्धत १९४२ साली झीग्लर आणि निकोल्स या दोन अभियंत्यांनी मांडलेल्या सूत्रांवर उभी आहे. समजा, चाचणीत तापमान एकूण ८ अंशांत खालीवर झाले आणि एका फेरीला ३६ सेकंद लागले. हीटरला दिलेल्या विजेचा चढउतार मार्लिनच्या मापात मधल्या पातळीच्या दोन्ही बाजूंना १२७ धरला, तर पी सुमारे २४.३, आय १.३५ आणि डी १०९ येतो. आपले आकडे याच्या आसपास असतील तर ठीक. पी अनेक पटींनी वेगळा आला, तर ठोकळ्यात थर्मिस्टर किंवा हीटर नीट बसलेला नाही अशी शंका घ्यावी.

बेड मोठा आणि सावकाश तापणारा. बऱ्याच प्रिंटरमध्ये तो नुसता चालू-बंद करून चालवला जातो आणि एक-दोन अंशांच्या फरकाने बहुतेक कामात बिघडत नाही. बारीक पट्टे त्रास देत असतील आणि फर्मवेअरमध्ये बेडसाठी पीआयडी चालू असेल, तर `M303 E-1 S60 C8 U1` ने त्याचीही जुळवणी होते. मात्र बेड यांत्रिक रिलेवर असेल तर पीआयडी लावू नये. वारंवार चालू-बंद होऊन रिले लवकर निकामी होतो.

संरक्षण चालू आहे की नाही हे घरी तपासता येते. प्रिंटर बंद करून प्लग काढावा, हॉटएंडच्या हीटरची तार बोर्डावरून सोडवावी, मग प्रिंटर सुरू करून नोझलला २०० अंशांची आज्ञा द्यावी. मिनिटाभरात `Heating Failed` आले पाहिजे. आकडा खोलीच्या तापमानावर अडकून राहिला आणि प्रिंटर गप्प बसला, तर त्या फर्मवेअरमध्ये संरक्षण नाही. असे फर्मवेअर बदलेपर्यंत प्रिंटर वापरू नये.

एवढे करूनही एक बिघाड उरतो. हीटरला वीज देणारा बोर्डावरचा मॉसफेट जळून कायमचा चालू अवस्थेत अडकला, तर फर्मवेअरने कितीही ‘बंद’ म्हटले तरी वीज वाहतच राहते. मॉसफेटचा हा बिघाड फर्मवेअरला थांबवता येत नाही. मुख्य वीजच तोडावी लागते. म्हणून प्रिंटर पडदे, कागद, गाद्या यांपासून दूर ठेवा, वर धूर ओळखणारा अलार्म लावा, आणि घरात कोणी नसताना छपाई लावून बाहेर जाऊ नका.