पाचव्या स्लाइडवरचा प्रवेश अर्ज

संकेतस्थळं लोक प्रत्यक्षात कशी वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या याकोब नील्सन यांनी 2013 मध्ये एका चाचणीचा किस्सा लिहिला होता. ब्रिटनमधल्या एका व्यक्तीला सीमेन्सचं तिथलं संकेतस्थळ उघडून दिलं आणि विचारलं, वॉशिंग मशीनवर सध्या काही सवलत आहे का? सवलत होती. मुखपृष्ठाच्या अगदी वरच्या भागात, भल्यामोठ्या अक्षरांत होती. त्या व्यक्तीला मात्र ती सापडली नाही, कारण ती आपोआप सरकणाऱ्या चित्रपट्टीत होती. आधी ती पट्टी जाहिरातीसारखी दिसली, आणि नजर तिकडे वळेपर्यंत चित्र बदलून गेलेलं असायचं.

या सरकत्या पट्टीला इंग्रजीत कॅरोझल म्हणतात. आपल्याकडे संकेतस्थळं बनवणारे तिला सरळ ‘स्लायडर’ म्हणतात, आणि ग्राहकही पहिल्याच बैठकीत विचारतो, ‘स्लायडर किती फोटोंचा देणार?’

त्याच महिन्यात अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात काम करणाऱ्या एरिक रन्यन यांनी आपल्याच विद्यापीठाच्या मुखपृष्ठावरचे आकडे जाहीर केले. पट्टीत पाच बातम्या होत्या. मुखपृष्ठावर येणाऱ्यांपैकी जेमतेम 1 टक्का लोक त्यातल्या कशावर तरी क्लिक करत होते. त्या क्लिकपैकी 84 टक्के पहिल्या बातमीवर पडले, उरलेल्या चौघींच्या वाट्याला प्रत्येकी चारेक टक्के आले. म्हणजे दहा हजार लोक आले, तर पाचव्या बातमीला चारजण भेटले.

हा आकडा नंतर इतक्या ठिकाणी फिरला की ‘स्लायडर म्हणजे वाईटच’ असं जवळपास सूत्रच होऊन बसलं. तेवढं काही त्यातून सिद्ध होत नाही. त्याच जागी एकच स्थिर चित्र ठेवलं असतं तर किती क्लिक पडले असते, हे कळल्याशिवाय 1 टक्का कमी की ठीक, ते सांगता येत नाही. शिवाय सगळ्यात महत्त्वाची बातमी साहजिकच पहिली लावतात, त्यामुळे 84 टक्क्यांतले किती जागेचे आणि किती मजकुराचे, हेही वेगळं काढता येत नाही. पण एक गोष्ट त्यातून लख्ख दिसते. दुसऱ्या ते पाचव्या स्लाइडवर ठेवलेली गोष्ट ‘मुखपृष्ठावर टाकली’ असं समजण्यात अर्थ नाही.

आता हे आपल्या ओळखीच्या ठिकाणी आणून पाहू. समजा, तालुक्याच्या गावचं एक कॉलेज आहे. मुखपृष्ठावर पाच स्लाइड आहेत: इमारत, संस्थापकांचा फोटो, नॅकची श्रेणी, कबड्डी संघाचा सत्कार आणि शेवटी ‘प्रवेश सुरू’. प्रत्येक चित्र पाच सेकंद थांबतं. म्हणजे प्रवेशाची स्लाइड विसाव्या सेकंदाला उगवते आणि पंचविसाव्याला मावळते. बारावीचा निकाल हातात घेतलेली मुलगी मोबाइलवर वीस सेकंद कबड्डी संघ बघत बसणार नाही. ती अंगठ्याने खाली सरकते, किंवा सरळ ऑफिसला फोन लावते.

ती शेवटपर्यंत थांबली तरी पुढे वेगळीच अडचण आहे. ही चित्रं बहुतेक वेळा संगणकाच्या रुंद पडद्यासाठी, 1920 पिक्सेल रुंदीची बनवलेली असतात आणि मजकूरही चित्रातच कोरलेला असतो. मोबाइलच्या पानाची रुंदी साधारण 360 पिक्सेल धरली, तर चित्र पाच पटींहून जास्त आक्रसतं. डिझायनरने 40 पिक्सेल उंचीची घसघशीत अक्षरं टाकलेली असली, तरी मोबाइलवर ती साडेसात पिक्सेलची होतात. ‘शेवटची तारीख’ हे शब्द मुंगीएवढे दिसतात. चित्रातला मजकूर असल्यामुळे तो निवडून कॉपी करता येत नाही. पर्यायी मजकूर दिलेला नसेल तर दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडरही तो वाचत नाही.

आपोआप सरकण्याबद्दल तर आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांमध्येच नियम आहे. इतर मजकुराच्या सोबतीने आपोआप सुरू होणारी आणि पाच सेकंदांपेक्षा जास्त चालणारी हालचाल वापरणाऱ्याला थांबवता आली पाहिजे. आपल्याकडच्या किती स्लायडरवर थांबवायचं बटण दिसतं, हे वाचकांनी स्वतःच मोजून पाहावं.

मग इतकं असूनही स्लायडर टिकतो कसा? कारण तो वाचकासाठी नसतोच. लग्नपत्रिकेत जसं प्रत्येक काकांचं नाव यावंच लागतं, तसं मुखपृष्ठावर प्रत्येक विभागाला जागा हवी असते. जागा एक आणि दावेदार पाच. स्लायडर लावला की बैठक अर्ध्या तासात संपते, कुणी नाराज होत नाही. ‘एक्सकेसीडी’ या चित्रमालिकेत 2010 मध्ये विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर एक व्यंगचित्र आलं होतं. एका वर्तुळात मुखपृष्ठावर असलेल्या गोष्टी, दुसऱ्यात लोक शोधायला येतात त्या गोष्टी. दोन्ही वर्तुळांत सामाईक अशी एकच गोष्ट होती: विद्यापीठाचं पूर्ण नाव.

त्या दुसऱ्या वर्तुळात काय येतं, ते ऑफिसातल्या खिडकीपाशी दोन दिवस बसलं तरी कळतं. क्लार्कला सगळ्यात जास्त वेळा विचारले जाणारे प्रश्न वहीत रेघा मारून मोजायचे. जून महिन्यात ते बहुधा असे निघतील: अर्ज कुठे भरायचा, शेवटची तारीख कोणती, कागदपत्रं काय लागतात, गुणवत्ता यादी लागली का. पहिला स्क्रीन याच उत्तरांचा. वर कॉलेजचं नाव आणि गाव. त्याखाली साध्या अक्षरांत, चित्राविना, ‘प्रथम वर्ष प्रवेश सुरू’ आणि शेवटची तारीख. मग ‘अर्ज भरा’ हे एकच ठसठशीत बटण, त्याखाली कागदपत्रं आणि गुणवत्ता यादीचे दुवे, आणि बोट लावताच लागणारा ऑफिसचा फोन. इमारतीचा एक फोटो त्याखाली खुशाल असू द्यावा. एकच हलकं चित्र असलं तर पानही लवकर उघडतं.

बदल कामाचा ठरला का, हे कसं ओळखायचं? मोठ्या दुकानदाराला निम्म्या ग्राहकांना जुनं आणि निम्म्यांना नवं पान दाखवून तुलना करता येते. छोट्या कॉलेजकडे तेवढी वर्दळ नसते, आणि जूनचे क्लिक ऑगस्टशी ताडून बघणं म्हणजे पावसाळ्याची उन्हाळ्याशी बरोबरी. त्यापेक्षा पाच मुलांच्या हातात मोबाइल द्यावा आणि ‘अर्जाची शेवटची तारीख शोध’ एवढंच सांगावं. मदत करायची नाही, फक्त घड्याळ बघायचं. जुन्या पानावर आधी, मग दुसऱ्या पाच मुलांना नव्या पानावर. फरक असेल तर तो दिसायला संख्याशास्त्र लागत नाही.

स्लायडर अगदी हद्दपार करायचीही गरज नाही. साडीचे चार फोटो किंवा भाड्याच्या फ्लॅटच्या खोल्या बघताना लोक आपणहून बोट सरकवतात, कारण पुढे काय येणार ते ठाऊक असतं आणि ते बघायचंही असतं. तिथे पट्टी हवीच, फक्त स्वतःहून हलणारी नको, आणि पुढच्या फोटोची कडा डोकावलेली बरी. कबड्डीच्या सत्काराचे फोटोही क्रीडा विभागाच्या पानावर असेच शोभतील.

खरी मेहनत पुढे आहे. प्रवेश संपले की ती वरची ओळ बदलून तिथे परीक्षा अर्ज यायला हवेत, मग निकाल. बदल कोण करणार, हे नाव पान बनवतानाच ठरवून घ्यावं लागतं. नाहीतर दिवाळीच्या सुट्टीतही पहिल्या स्क्रीनवर जूनमधली शेवटची तारीख तशीच, मोठ्या ठळक अक्षरांत.