कार्बनच्या साखळीतले जोडआकडे

ब्युटाडाइन या रेणूत चार कार्बन अणू एका ओळीत असतात. अणूंना ठिपके आणि बंधांना रेघा मानल्या की रेणूचा आलेख तयार होतो. ठिपके आळीपाळीने काळे-पांढरे रंगवले, तर प्रत्येक रेघ एका काळ्याला एका पांढऱ्याशी जोडते. असा रंग देता येतो तो द्विभागी आलेख.

आता ठिपक्यांवर ओळीने 1, 1.618, 1.618, 1 हे आकडे लिहा. कोणत्याही ठिपक्याच्या शेजाऱ्यांची बेरीज त्याच्या स्वतःच्या आकड्याच्या 1.618 पट भरते. मधल्या ठिपक्याचे शेजारी 1 आणि 1.618, बेरीज 2.618; आणि 1.618 गुणिले 1.618 म्हणजेही जवळपास तेवढेच. हा ‘पट’ म्हणजे आलेखाचे आयगेनमूल्य. एरिक ह्युकेल यांच्या 1931च्या सिद्धांतात रेणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या याच मूल्यांवरून काढतात.

आता फक्त काळ्या ठिपक्यांची चिन्हे उलटी करा: 1, −1.618, 1.618, −1. पांढऱ्याचे सगळे शेजारी काळे, म्हणून त्याच्या शेजाऱ्यांची बेरीज उलटली, पण तो स्वतः तसाच राहिला. काळ्याच्या शेजाऱ्यांची बेरीज तशीच राहिली, पण तो स्वतः उलटला. दोन्हीकडे पट −1.618 झाली. ब्युटाडाइनची उरलेली मूल्येही अशीच जोडीने येतात: 0.618 आणि −0.618. रेणूंमधली ही जोडी कूल्सन आणि रशब्रुक यांनी 1940 मध्ये दाखवली. ठिपके विषम असतील तर एक मूल्य बिनजोडीचे उरते आणि ते शून्यच असावे लागते. तीन कार्बनांच्या ॲलिल रेणूखंडात एकटा इलेक्ट्रॉन याच पातळीवर असतो.

मूल्य किती मोठे होऊ शकते, हेही आलेखच सांगतो. चिन्ह बाजूला ठेवून सर्वांत मोठा आकडा असलेला ठिपका धरा. त्याचे फार तर तीन शेजारी असतील आणि एकही त्याच्याहून मोठा नसेल, तर बेरीज त्याच्या तिपटीपुढे जाणार नाही. म्हणून मूल्यही 3 ओलांडत नाही. ही मर्यादा कोणत्याही आलेखाला लागू आहे. रंगांची अट नाही. बेंझिनच्या षटकोनात प्रत्येकाला दोनच शेजारी. सगळीकडे 1 लिहिला की बेरीज 2, म्हणजे मूल्य नेमके मर्यादेला टेकते.

जोडी मात्र विषम कड्यात मोडते. त्रिकोणाची मूल्ये 2, −1, −1. नॅफ्थलीन आणि ॲझ्युलीन या दोघांतही दहा कार्बन आणि आठ हायड्रोजन आहेत. नॅफ्थलीनमध्ये दोन षटकोन, म्हणून जोड्या शाबूत, आणि ह्युकेलच्या हिशेबात प्रत्येक कार्बनवर इलेक्ट्रॉनांचा सारखाच वाटा. ॲझ्युलीनमध्ये पंचकोन आणि सप्तकोन असल्याने दोन रंग पुरत नाहीत. तिथे इलेक्ट्रॉन पंचकोनाकडे झुकतात, आणि रेणूची एक बाजू किंचित ऋण, दुसरी किंचित धन होते. ह्युकेलचा हिशेब इलेक्ट्रॉनांमधले प्रतिकर्षण वेगळे धरत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष ऊर्जेचे आकडे त्याच्याशी तंतोतंत जुळत नाहीत. पण हा झुकाव कोणीकडे, हे तो बरोबर सांगतो.