पहिला पगार आणि जूनमधली पेरणी

माझा भाचा गेल्या ऑगस्टमध्ये लातूरजवळच्या गावातून पुण्याला नोकरीला लागला. पॅकेज 3 लाख 60 हजारांचं. बारानं भागलं की महिन्याला 30 हजार, असं घरच्यांनी धरलं आणि गावभर सांगितलंही. खात्यात जमा झाले 25 हजार 500 च्या आसपास. "मामा, साडेचार हजार गेले कुठं?"

सॅलरी स्लिप उघडली. कंपनी तिच्या वाट्याचे पीएफचे 1,800 आणि ग्रॅच्युइटीचे सातेकशे रुपये पॅकेजमध्येच मोजते. ते हातात येत नाहीत. शिवाय त्याच्या वाट्याचे पीएफचे 1,800 आणि व्यवसाय कराचे 200 (फेब्रुवारीत 300) कापले जातात. पीएफचे पैसे बुडालेले नाहीत, पण महिन्याचा हिशेब मात्र खात्यात पडलेल्या आकड्यावरच करायचा.

तिघांत घेतलेल्या फ्लॅटचं भाडं 21 हजार, म्हणजे माणशी 7. दोन महिन्यांचं डिपॉझिट, एका महिन्याची दलाली आणि पहिलं भाडं मिळून पगार व्हायच्या आधीच त्याच्या वाट्याला 28 हजार आले. ते भाऊजींनी सोयाबीनची पोती विकून दिले.

मग आम्ही वहीत मांडलं. भाडं आणि लाइटबिल 7,500. मेस, नाश्ता आणि मेस बंद असते ती रविवारची रात्र धरून 5,000. पेट्रोल आणि मोबाइल 2,000. घरी 5,000. अडीनडीसाठी 3,000 ची आरडी. हातखर्च 2,000. उरले 1,000, त्यांचं काय करायचं यावर मात्र आमची बरीच वादावादी झाली.

त्याचं म्हणणं, तेही अडीनडीतच टाकू. मी नाही म्हटलं. गावाकडून आलेल्या पोरांची शिल्लक आजारपणात जाते असं आपण समजतो. माझ्या पाहण्यात ती जास्त जाते दिवाळीत, चुलत बहिणीच्या आहेरात आणि जूनमध्ये बी-खताला. यातलं अचानक काय आहे? पेरणी दरवर्षी जूनमध्येच येते. जे ठरल्या वेळी येतं त्याला नड म्हणायचं नाही, त्याचा डबा वेगळा. म्हणून ते हजार 'वर्षाच्या डब्यात'. त्याच्यासाठी ऑफिसातली भिशी चालेल. अडीनडीच्या पैशासाठी भिशी नको, कारण आपला नंबर नवव्या महिन्यात लागला तर ताप तोवर थांबत नाही.

भाऊजींनी गावातली पतसंस्था सुचवली, तिथं व्याज जास्त. पण बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. शेवटी आरडी पगाराच्याच बँकेत काढली. मुदतीआधी मोडली तर व्याज थोडं कमी मिळतं, मुद्दल शाबूत राहते.

पगार 1 तारखेला होतो. 2 तारखेला भाडं, घरचे पैसे आणि आरडी आपोआप जातात. हातखर्चासाठी दुसऱ्या बँकेतलं जुनं खातं ठेवलं. यूपीआय फक्त त्यालाच जोडलेलं आणि त्यात दर रविवारी 500. पाच रविवारांच्या महिन्यात शेवटचा आठवडा चहावर निघतो, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं.

घरी 5,000 का, 8 का नाही, हे त्यानंच आई-वडिलांना फोनवर आकड्यांसकट समजावलं. पहिले सहा महिने ते पैसे म्हणजे भाऊजींच्या 28 हजारांची फेड, हेही तेव्हाच बोलून झालं. न बोलता कमी पाठवलं असतं तर बहिणीनं मनाला लावून घेतलं असतं.

अडीनडीचं आमचं पूर्ण उद्दिष्ट तीन महिन्यांच्या न टळणाऱ्या खर्चाचं. भाडं, जेवण, प्रवास आणि घर मिळून महिन्याला 19,500 होतात, म्हणजे एकूण 58,500. महिना 3,000 नं त्याला वीस महिने लागतात. म्हणून आधी एका महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम गाठायची ठरवली. ती सातव्या हप्त्याला गाठली.

जूनमध्ये फोन आलाच. बी-खताला 12 हजार हवेत. वर्षाच्या डब्यात दहा महिन्यांचे दहा हजार जमले होते, त्यातले 3 दिवाळीत गेलेले. उरलेले 7 त्यानं पाठवले. बाकीचे 5 भाऊजींनी कृषी सेवा केंद्रातून उधारीवर भागवले. आरडीकडे हात गेला होता, असं त्यानं नंतर कबूल केलं.

जुलैत त्याला डेंगी झाला. कंपनीचा विमा होता, पण विम्याची मंजुरी येईपर्यंत दवाखान्यानं 15 हजार अनामत मागितली. आरडीत 33 हजार होते. त्यानं सलाइन लावलेल्या अवस्थेत डाव्या हातानं मोबाइलवरून ती मोडली आणि पैसे भरले. तीन आठवड्यांनी अनामत परत मिळाली, ती त्यानं उरलेल्या रकमेत मिळवून मुदत ठेवीत टाकली. 2 तारखेला नवी आरडी सुरू केली. वर्षाच्या डब्याचे 1,000 त्यानं 1,500 केले. ते वरचे 500 हातखर्चातून आले, म्हणजे महिन्यातला एक रविवार आता कोरडा.