तंबाखू सोडायची गोळी बरी की पट्टी-गम? डोस कसा घ्यायचा, त्रास काय होतो

तंबाखू सोडण्यासाठी मेडिकलवर मिळणारे निकोटिनचे गम आणले, दोन दिवस चघळले, उचक्या लागल्या, पोटात मळमळलं आणि तिसऱ्या दिवशी परत चुना-तंबाखू हातावर. ही गोष्ट बऱ्याच गावांत ऐकायला मिळते. मग ‘त्या गमचा काही उपयोग नाही’ असं ठरवून माणूस मोकळा होतो. बहुतेक वेळा दोष गमचा नसतो, तो तंबाखूसारखा चघळला जातो तिथे घोळ होतो.

तलफ येते ती निकोटिनमुळे. कॅन्सर मात्र होतो तंबाखूतल्या बाकीच्या विषारी द्रव्यांमुळे. म्हणून पहिला उपाय असा की निकोटिन थोडं थोडं दुसऱ्या वाटेने द्यायचं आणि हळूहळू कमी करत न्यायचं. गम आणि अंगाला चिकटवायची पट्टी, म्हणजे पॅच, हेच काम करतात. दुसरा उपाय व्हॅरेनिक्लिन नावाच्या गोळीचा. तिच्यात निकोटिन नसतं. मेंदूत निकोटिन जिथे जाऊन बसतं तीच जागा ही गोळी अडवून धरते. त्यामुळे तलफ कमी होते आणि मध्येच बार भरला तरी पहिल्यासारखी मजा येत नाही.

समजा, 48 वर्षांचा एक ऊसकरी शेतकरी आहे. पहाटे उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिला बार, दिवसभरात दहा-बारा. उठल्या उठल्या तंबाखू लागते म्हणजे सवय मुरलेली. अशा माणसाला सहसा 4 मिलिग्रॅमचा गम लागतो. पहिला बार अर्ध्या तासानंतर भरणाऱ्याला 2 मिलिग्रॅमचा पुरतो. 2 चा गम मेडिकलवर सहज मिळतो, 4 च्या गमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

गमचा कोर्स 12 आठवड्यांचा. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी एक, शेवटचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी एक. म्हणजे सुरुवातीला दिवसाला आठ-दहा गम तरी लागतातच. दिवसात 24 च्या वर जायचं नाही. आपल्याकडे लोक दिवसाला दोन घेतात आणि तलफ जात नाही म्हणतात. बाराला दोन कसे पुरणार?

चघळायची रीत नीट समजून घ्या. गम हळूहळू चावायचा. तिखटसर, झणझणीत चव आली की चावणं थांबवून तो गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा. मिनिटभराने चव गेली की परत थोडं चावायचं आणि जागा बदलून ठेवायचा. असं अर्धा तास. भराभर चावलं तर निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं. मग मळमळ, उचकी, छातीत जळजळ होते आणि तलफ मात्र तशीच राहते. तंबाखूच्या सवयीने पिचकारी मारली तर औषधच बाहेर गेलं.

आणखी एक बारीक गोष्ट. तंबाखूत चुना मळला की निकोटिन तोंडाच्या आतल्या कातडीतून लवकर शोषलं जातं. आंबट पदार्थाने उलट होतं. म्हणून गमच्या आधी 15 मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, लिंबू सरबत, थंड पेय काही नको. साधं पाणी चालतं. चहा झाला की लगेच बार भरायची सवय असणाऱ्यांनी तर हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

बरीच वर्षं तंबाखू किंवा सुपारी खाल्लेल्यांचं तोंड नीट उघडत नाही, आत पांढरे चट्टे किंवा जखम असते. त्यांनी गमच्या मागे न लागता आधी तोंड तपासून घ्यावं. त्यांच्यासाठी पट्टी किंवा गोळी सोयीची.

पट्टी 24 तास अंगावर राहते. नेहमीचा क्रम असा: 21 मिलिग्रॅमची सहा आठवडे, मग 14 ची दोन, मग 7 ची दोन. हे माप दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी ओढणाऱ्यांसाठी ठरलेलं आहे. दहा किंवा त्याहून कमी ओढणारे 14 पासून सुरू करतात. तंबाखूच्या पुडीवरून थेट हिशेब बसत नाही, तो डॉक्टरांनी ठरवावा. पट्टी दंडावर, छातीवर किंवा पाठीवर, केस नसलेल्या, कोरड्या कातडीवर लावायची आणि रोज जागा बदलायची. घामाने ती सुटते, म्हणून आंघोळीनंतर अंग पुसून, शेतात जायच्या आधी लावून दहा सेकंद दाबून धरावी. खाज आणि लालसरपणा सर्रास होतो. रात्री झोप लागत नसेल किंवा वाईट स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढून टाकावी.

पट्टी दिवसभर पाया धरून ठेवते आणि अचानक तलफ आली की गम कामी येतो, म्हणून दोन्ही एकत्र देतात. अशी जोडी एकट्या पट्टीपेक्षा जास्त लोकांना उपयोगी पडते आणि गोळीच्या जवळपास पोचते.

गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची. सोडायचा दिवस ठरवून त्याच्या आठवडाभर आधी ती सुरू करतात. पहिले तीन दिवस अर्ध्या मिलिग्रॅमची एक, चौथ्यापासून सातव्या दिवसापर्यंत अर्ध्याचीच सकाळ-संध्याकाळ एकेक, आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅमची सकाळ-संध्याकाळ, एकूण 12 आठवडे. या ऊसकऱ्याला अर्ध्याच्या 11 आणि एकच्या 154 गोळ्या लागतील. खर्च विचारताना हा आकडा धरून विचारावा, म्हणजे मध्येच कोर्स तुटत नाही.

मळमळ हा गोळीचा मोठा त्रास, जवळपास दहातल्या तिघांना होतो. पहाटे कोरा चहा पिऊन रानात जाणारे रिकाम्या पोटी गोळी घेतात आणि मग उलट्या होतात. भाकरी खाऊन, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. झोपमोड आणि विचित्र स्वप्नं पडत असतील तर संध्याकाळची गोळी जेवणाबरोबर जरा लवकर घ्यावी. किडनीचा मोठा आजार असेल तर डोस निम्म्यावर येतो. फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांना आधीच सांगावं. दारू गोळीबरोबर काही जणांना नेहमीपेक्षा जास्त चढते. गोळी कशी मानवते ते कळेपर्यंत ट्रॅक्टर, मोटरसायकल जपून.

या गोळीने डोकं बिघडतं अशी भीती ऐकू येते. अमेरिकेत 2009 मध्ये तसा ठळक इशारा छापला गेला होता. पुढे आठ हजारांहून जास्त लोकांवर अभ्यास झाला, त्यात गोळीमुळे असे त्रास ठळकपणे वाढलेले दिसले नाहीत आणि 2016 मध्ये तो इशारा काढला. तरीही मन फार उदास झालं, जिवाचं बरंवाईट करायचे विचार आले तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावं. त्याच अभ्यासात कोर्सच्या शेवटच्या चार आठवड्यांत शंभरातले साधारण 33 जण गोळीवर, 23 पट्टीवर आणि 12-13 नुसत्या खोट्या गोळीवर तंबाखूपासून दूर होते. पण ते सगळे सिगारेट ओढणारे. खाण्याच्या तंबाखूवरचे अभ्यास कमी आहेत, त्यामुळे हेच आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होतील असं धरू नये.

गरोदर बाई, 18 वर्षांखालची मुलं आणि नुकताच हार्टअटॅक येऊन गेलेले यांनी यातलं काहीही स्वतःहून घेऊ नये. पट्टी किंवा गमवर असताना चक्कर, मळमळ आणि छातीत धडधड एकदम आली तर निकोटिन जास्त होतंय असं समजावं. पट्टी काढावी, गम थुंकावा आणि डॉक्टरांना विचारावं.

जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मोफत मिळतं. 1800-11-2356 हा सरकारी नंबरही मोफत आहे, तो तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो. वापरलेल्या पट्टीत निकोटिन उरतं. ती चिकट बाजू आत घेऊन दुमडावी आणि लहान मुलांच्या, जनावरांच्या हाती-तोंडी लागणार नाही अशी टाकावी.