शिक्षा ज्याच्यापर्यंत पोहोचत नाही

दोन मुलं डोळ्यांपुढे आणा. पहिला चौदा वर्षांचा. क्लासला दांडी मारून मित्रांबरोबर सिनेमाला गेला, त्यासाठी बाबांच्या पाकिटातून दोनशे रुपये काढले आणि विचारल्यावर धडधडीत खोटं बोलला. पकडला गेल्यावर आवाज चढवला, दार आपटलं आणि रात्री उशिरा आईजवळ येऊन रडला. दुसरा सहा वर्षांचा. त्याने मुद्दाम दार लावून धाकट्या बहिणीचं बोट चेमटवलं. ती किंचाळत होती आणि तो शांतपणे बघत होता. आईने कोपऱ्यात उभं केलं. शिक्षा संपताच तो गाडी घेऊन खेळायला बसला.

घरात जास्त गहजब होतो तो पहिल्याचा. माझ्या मते मदत लवकर हवी ती दुसऱ्याला.

मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये हा फरक नीट मांडला. बहुतेकांचं नियम मोडणं वयात येताना सुरू होतं, मित्रांच्या संगतीत वाढतं आणि मोठेपणाच्या जबाबदाऱ्या आल्या की ओसरतं. थोड्या मुलांचं मात्र लहानपणीच सुरू होतं आणि टिकून राहतं. त्यांच्यातही एक छोटा गट असा, की चूक झाल्यावर त्यांना अपराधी वाटत नाही, दुसऱ्याचं दुखणं भिडत नाही, शाळेत मागे पडल्याचं सोयरसुतक नसतं आणि भावना वरवरच्या असतात. यांना कॅलस-अनइमोशनल ट्रेट्स म्हणतात. आपण कोरडेपणा म्हणू. २०१३ पासून मानसोपचाराच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत, वर्तनविकाराच्या निदानाला जोडून त्याची वेगळी नोंद होते. त्यासाठी या चारपैकी किमान दोन लक्षणं निदान वर्षभर आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. एका दुपारच्या चेमटलेल्या बोटावरून कुणालाही हा शिक्का मारता येत नाही.

कोपऱ्यात उभं करण्याचा उपयोग का झाला नाही? ऑस्ट्रेलियात डेव्हिड हॉज आणि मार्क डॅड्स यांनी चार ते आठ वर्षांच्या मुलग्यांच्या पालकांना वर्तन हाताळण्याचं प्रशिक्षण दिलं. २००५ मध्ये त्यांनी जे मांडलं ते आपल्या घराघरांतल्या समजुतीला धक्का देणारं आहे. कौतुक आणि बक्षीस यांचा परिणाम कोरड्या मुलांवरही इतरांसारखाच झाला. एकटं बसवण्याची शिक्षा मात्र त्यांच्यावर कमी चालली, तिचं त्यांना फारसं वाईटही वाटलं नाही. शिक्षा चालते ती भीतीच्या आणि ओशाळण्याच्या जोरावर, आणि या मुलांत नेमकं तेच कमी असतं. समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीतीही त्यांना चटकन ओळखू येत नाही. डॅड्स यांच्याच दुसऱ्या प्रयोगात ‘डोळ्यांकडे बघ’ एवढं सांगितल्यावर ती ओळख त्या वेळेपुरती सुधारली.

म्हणून मदतीची सुरुवात आईबाबांपासून होते. पालक आणि मूल एकत्र खेळत असताना समुपदेशक काचेपलीकडून पाहतो आणि पालकाच्या कानातल्या यंत्रातून त्याला सूचना देतो, अशी एक उपचारपद्धती आहे. ईवा किमोनिस यांनी ती कोरड्या स्वभावाच्या छोट्या मुलांसाठी बदलून घेतली. आपल्या सहा वर्षांच्या मुलाच्या घरी ती अशी दिसेल. रोज पाच मिनिटं खेळ त्याचा, पुढारपण त्याचं. आईने प्रश्न विचारायचे नाहीत, हुकूम सोडायचे नाहीत, चुका काढायच्या नाहीत. तो करतोय ते बोलून दाखवायचं, जवळ घ्यायचं, डोळ्यांत बघून हसायचं. कौतुक नेमकं हवं: ‘शहाणा’ नव्हे, तर ‘ताईला गाडी दिलीस, छान केलंस’. नियम पाळला की लगेच एक ठोकळा, ठरलेले ठोकळे जमले की ठरलेलं बक्षीस. शिवाय चेहरे ओळखण्याचा सराव: ती रडतेय, तिचे डोळे बघ, तिला काय झालं असेल, आता तू काय करशील?

यातलं सर्वांत अवघड असतं ते पालकांचं थकणं. मूल कोरडं वागतं, मग आईची मायाही आटत जाते आणि हात उठायला लागतो. हे समजण्यासारखं आहे, पण मारामुळे कोरडेपणा वाढतो. काही मुलं तर मुळात मार किंवा हाल सोसूनच बधिर झालेली असतात. त्यांच्या आत खूप भीती दडलेली असते आणि त्यांना आधी सुरक्षितता लागते. म्हणून घरात काय चालतं, हा प्रश्न तपासणाऱ्याने विचारलाच पाहिजे.

आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे खरं. पण २०१६ मध्ये अमेरिकेतल्या दत्तक मुलांच्या अभ्यासात दिसलं, की जन्मदात्या आईकडून आलेला धोका दत्तक आईच्या भरपूर कौतुकाने बोथट होतो. उपचाराने मूल अगदी बदलून जातं असं नाही. पुष्कळदा सुधारणा होऊनही ते इतरांच्या मागेच राहतं, कारण त्याची सुरुवातच मागून झालेली असते.

वर्षभर घरी आणि शाळेत दोन्हीकडे असं दिसत असेल, तर ‘मोठा झाला की सुधारेल’ म्हणून थांबू नका, आणि त्याला ‘राक्षस’ही म्हणू नका. बालमानसोपचारतज्ज्ञ जवळपास नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतूनही.