करासहित किमतीची उकल : कोणताच दर न बसणारी रक्कम

कंपोझिशन योजनेतील दुकानदाराच्या पावतीचा विषय या आठवड्यासाठी ठरला होता. परंतु अंजूरहून आलेल्या एका प्रश्नामुळे तो पुढील लेखावर ढकलणे भाग आहे. भिवंडी परिसरातील तयार कपड्यांच्या दुकानाच्या पावतीवर एका शर्टापोटी २,६९९.१० रुपये एवढीच अंतिम रक्कम छापलेली असून, तिच्यातील मूळ किंमत आणि वस्तू व सेवा कर (जीएसटी) वेगळे कसे काढावेत, असा तो प्रश्न आहे. गेल्या लेखातील रीत, म्हणजे करासहित रकमेला दराने गुणून शंभर अधिक दर या संख्येने भागण्याची केंद्रीय नियमावलीच्या नियम ३५ मधील रीत, येथे लावली की उत्तर येत नाही. चूक रीतीत नसून कपड्यांचा दर ठरवण्याच्या पद्धतीतच ही अडचण आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याच्या एका नगाचे विक्रीमूल्य २,५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर ५ टक्के आणि त्याहून अधिक असेल तर १८ टक्के जीएसटी लागतो. विक्रीमूल्य म्हणजे कर मिळवण्यापूर्वीची किंमत. ग्राहकाच्या हाती मात्र करासहित आकडा असतो, आणि त्यातून करपूर्व किंमत काढायची तर दर आधी माहीत असावा लागतो. दर तर त्या करपूर्व किमतीवरच अवलंबून. म्हणून येथे एक दर गृहीत धरून भागाकार करावा लागतो आणि आलेली किंमत त्याच दराच्या मर्यादेत बसते की नाही, हे तपासावे लागते.

प्रस्तुत रकमेवर हीच तपासणी केली असता ५ टक्के धरल्यास १.०५ ने भागून करपूर्व किंमत २,५७०.५७ रुपये येते; ती २,५०० च्या वर असल्याने ५ टक्के दर तिला लागू होत नाही. १८ टक्के धरल्यास १.१८ ने भागून ती २,२८७.३७ रुपये येते; ती २,५०० च्या आत असल्याने १८ टक्के दरही बसत नाही. म्हणजे दोन्ही गृहीते स्वतःलाच खोडून काढतात.

असे का होते, हे सीमेवरचे आकडे मांडले की उघड होते. ५ टक्क्यांखाली करासहित किंमत जास्तीत जास्त २,६२५ रुपये होऊ शकते, तर १८ टक्क्यांखालची किंमत २,९५० रुपयांच्या पुढेच सुरू होते. या दोहोंमधील सव्वातीनशे रुपयांच्या पट्ट्यातील कोणतीही रक्कम एका नगाची नियमानुसार करासहित किंमत असू शकत नाही.

मग अशी पावती छापली कशी जाते? बहुधा सवलतीमुळे. शर्टावरील कमाल किरकोळ किंमत २,९९९ रुपये असेल, तर १८ टक्क्यांनी तिची करपूर्व किंमत २,५४१.५३ येते आणि हिशेब जुळतो. तिच्यावर दहा टक्के सूट दिली की नेमके २,६९९.१० उरतात. विक्रीच्या वेळीच दिलेली आणि बिलात दाखवलेली सूट करपात्र मूल्यातून वजा होते, म्हणून दर नव्या किमतीवर ठरायला हवा. बिलाच्या संगणकात त्या मालाला १८ टक्के दर कायमचा जोडून ठेवलेला असेल, तर ४११.७३ रुपये कर म्हणून कापले जातात, प्रत्यक्षात त्या २,२८७.३७ रुपयांवर ५ टक्क्यांनी ११४.३७ रुपयेच देय ठरतात. अशा वेळी विक्रेत्याने सूट थोडी वाढवून किंमत २,६२५ वर आणणे, हा सरळ मार्ग आहे. त्याच शर्टावर पंधरा टक्के सूट दिली असती, तर २,५४९.१५ रुपयांची रक्कम ५ टक्क्यांखाली निर्वेध बसली असती.

तथापि, या पट्ट्यातील आकडा दिसताच दुकानदाराला दोष देणे घाईचे ठरेल. दहा टक्के रक्कम बँकेने कार्डावरील योजनेतून भरली असेल, तर विक्रेत्याला पूर्ण २,९९९ रुपये मिळालेले असतात. कर त्याच रकमेवर १८ टक्क्यांनी, म्हणजे ४५७.४७ रुपये, योग्यच असतो, आणि पावतीवरचा आकडा केवळ ग्राहकाने दिलेल्या पैशांचा असतो. एकाच रकमेत दोन नग किंवा पिशवीची किंमत मिसळली असल्यासही तपासणी निरर्थक होते, कारण मर्यादा प्रत्येक नगाला स्वतंत्रपणे लागू आहे. यासाठी अंजूरच्या वाचकाने दुकानातून नगवार किंमत, सूट कोणी दिली आणि कराचा दर दाखवणारे बिल मागून घ्यावे. निव्वळ अंतिम रकमेवरून या तीन शक्यतांत निवड करता येणार नाही.

थानातून मीटरने घेतलेल्या कापडाला ही अडचण नाही, कारण त्यावर किंमत कितीही असली तरी ५ टक्के हाच दर आहे. जुन्या पावत्यांसाठी मात्र पट्टा वेगळा धरावा लागतो : २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी तयार कपड्यांची मर्यादा १,००० रुपये आणि दर ५ व १२ टक्के होते, त्यामुळे पोकळी १,०५० ते १,१२० रुपयांदरम्यान पडत असे, आणि १,०९९ रुपये ही कपड्यांच्या दुकानांत आवडीने छापली जाणारी किंमत नेमकी तिच्यातच येते.