चाळीस किलो तिखट कुठे गेलं?

फेब्रुवारी २००५ मध्ये ब्रिटनमधल्या दुकानांतून चारशेहून अधिक खाद्यपदार्थ मागे घ्यावे लागले. कारण होतं भारतातून २००२ साली तिकडे गेलेली एक मिरची पूड. तिच्यात ‘सुदान १’ हा खाण्यासाठी बंदी असलेला रंग होता. पूड एका सॉसमध्ये गेली आणि तो सॉस दुसऱ्यांच्या पाय, पिझ्झा आणि तयार जेवणांत. वापरलेलं तिखट चिमूटभर, पण ते कुठेकुठे पोचलं हे शोधता शोधता सगळ्यांची दमछाक झाली. गंमत म्हणजे, माल कुणाकडून घेतला आणि कुणाला दिला हे प्रत्येक अन्नव्यावसायिकाला सांगता आलंच पाहिजे, हा युरोपीय नियम त्याच वर्षाच्या १ जानेवारीला लागू झाला होता.

हा माग काढणं म्हणजे ट्रेसेबिलिटी, आणि वेळ आल्यावर माल परत बोलावता येईल का याची रंगीत तालीम म्हणजे मॉक रिकॉल. बीआरसीजीएससारख्या प्रमाणपत्रासाठी कारखान्याला दोन्ही चाचण्या वर्षातून किमान एकदा घ्याव्या लागतात, आणि पूर्ण माग चार तासांत लागावा अशी अपेक्षा असते.

एक काल्पनिक मसाला कारखाना घेऊ. ऑडिटर गोदामातून कांदा-लसूण मसाल्याचं २०० ग्रॅमचं एक पाकीट उचलतो आणि घड्याळ लावतो. पाकिटावरच्या बॅच नंबरावरून मिक्सिंगची नोंद सापडते, तिच्यावरून मिरचीचा लॉट आणि तिथून आवक रजिस्टर. धने, तेल, मीठ, शिवाय पाकिटाची फिल्म, प्रत्येकाचा असाच माग काढायचा. इथवर बहुतेक कारखाने बिनचूक येतात.

खरी परीक्षा पुढे असते, मास बॅलन्सची. मिरचीचा तो लॉट १,००० किलोचा होता. डेठं ६० किलो निघाली, वाळवताना ३० किलो ओल उडाली, दळण-चाळणीत २० किलो घट. म्हणजे पूड ८९० किलो. त्यातली ४०० किलो या मसाल्यात गेली, ३५० किलो नुसत्या तिखटाच्या पाकिटांत, आणि १०० किलो गोदामात आहे. बेरीज ८५०. मग चाळीस किलो कुठे?

उत्तर कागदावर नसतं, ते मिक्सिंगवरच्या कामगाराला माहीत असतं. पाळी संपताना एका ड्रममध्ये पूड उरली. ड्रमला लेबल नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मिसळ मसाल्याच्या बॅचमध्ये ओतली, कारण टाकून कोण देणार? नोंद मात्र राहून गेली. उद्या या लॉटमध्ये खरोखर भेसळ निघाली, तर कारखाना दोन बॅचेस मागे घेईल आणि तिसरी बाजारात बिनधास्त विकली जाईल. म्हणूनच पाकिटावरून मागे जाणं पुरेसं नाही. कच्च्या मालाच्या लॉटवरूनही पुढे यावं लागतं. लपलेली तिसरी बॅच तेव्हाच हाती लागते.

आता पुढची दिशा. त्या मसाल्याची बॅच १,००० किलोची, म्हणजे ५,००० पाकिटं. ३,६०० दोन वितरकांना गेली, १,३५० गोदामात आहेत, २० प्रयोगशाळेत गेली, ६ नमुना म्हणून ठेवली, २४ फाटल्यामुळे नष्ट केली. हिशेब शंभर टक्के जुळला! इथे कारखानदार हुश्श करतो. पण हा हिशेब कारखान्याच्या फाटकापर्यंतचाच झाला. मॉक रिकॉलमध्ये माल खरंच परत आणायचा नसतो, तरी ‘ही चाचणी आहे’ असं स्पष्ट सांगून वितरकाला फोन करून विचारायचं असतं: तुमच्याकडे या बॅचची किती पाकिटं उरली, बाकीची कुठे गेली?

पहिला वितरक अर्ध्या तासात दुकानांची यादी पाठवतो. दुसऱ्याचा नंबरच बदललेला असतो. तो सापडतो तेव्हा कळतं, की त्याच्या बिलावर मालाचं नाव आहे, बॅच नंबर नाही. मग खऱ्या प्रसंगी त्याच्याकडची त्या मसाल्याची सगळीच पाकिटं, चांगल्या बॅचेससकट, मागवावी लागतील.

दरवर्षी चाळीस मिनिटांत शंभर टक्के निकाल दाखवणाऱ्या फायली मला संशयास्पद वाटतात. बहुतेकदा बॅच आधीच निवडलेली असते, सोपी, एकाच गिऱ्हाइकाला गेलेली, आणि वेळ मंगळवारी सकाळी अकराची. शनिवारी संध्याकाळी, क्यूसीचा मुख्य माणूस रजेवर असताना, उरलेला माल मिसळलेली बॅच घेऊन पाहावी. निकाल वाईट आला म्हणून लगेच प्रमाणपत्र जात नाही. चूक का झाली, काय बदललं आणि पुन्हा चाचणी कधी घेतली, हे ऑडिटर विचारतो. आपल्या कारखान्याने काय करावं? उरलेल्या ड्रमला लॉटचं लेबल लावावं, मिक्सिंगच्या कागदावर ‘उरलेला माल’ असा रकाना घालावा आणि दुसऱ्या वितरकाच्या बिलात बॅच नंबर येईपर्यंत प्रत्येक खेपेची बॅचवार यादी त्याच्याकडून सही करून घ्यावी.